कार्टमध्ये १८०, चेकआउटला २३०

देवगड हापूसच्या पेट्या ऑनलाइन विकणारं एक छोटं दुकान आहे, असं धरू. दुकान कल्पनेतलं आणि त्याचे आकडेही हिशेब सोपा जावा म्हणून घेतलेले. हंगाम ऐन भरात आहे आणि सोमवारचा अहवाल मंगळवारी सकाळी मालकाच्या पुढ्यात येतो. आंब्याचं पान १००० जणांनी उघडून पाहिलं. १८० जणांनी पेटी कार्टमध्ये टाकली. २३० जण चेकआउटला, म्हणजे पत्ता आणि पैसे भरायच्या पानावर पोहोचले. ९० जणांनी खरेदी पूर्ण केली.

मालक दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यापाशी अडखळतो. शेजारच्या रकान्यात तर सरळ छापलंय : कार्टमधून चेकआउटला गेले १२८ टक्के. शंभरातले एकशे अठ्ठावीस पुढे जातातच कसे? वेबसाइट सांभाळणारा म्हणतो, ट्रॅकिंग बिघडलं असेल. जाहिरातींचं काम पाहणारा म्हणतो, बॉट घुसले असतील. तसं कधीकधी होतंही. पण या अहवालातला प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर बरोबर आहे. सोमवारी १८० वेगवेगळ्या माणसांनी खरोखर कार्टचं बटण दाबलं आणि २३० वेगवेगळ्या माणसांनी खरोखर चेकआउटचं पान उघडलं. घोटाळा होतो तो या दोन आकड्यांचा भागाकार करताना.

अशा अहवालाला फनेल रिपोर्ट म्हणतात. फनेल म्हणजे नरसाळं : वर रुंद, खाली अरुंद. वरून हजार जण आत शिरतात, प्रत्येक टप्प्यावर काही गळतात आणि तळाशी थोडे उरतात, असं त्यामागचं चित्र. या चित्रात एक अट गृहीत धरलेली असते. खालच्या टप्प्यावर मोजलेला प्रत्येक माणूस वरच्या टप्प्यावरून आलेला असलाच पाहिजे. ही अट पाळली, तर खालचा आकडा वरच्यापेक्षा मोठा होऊच शकत नाही. तो मोठा झाला, याचा अर्थ मोजणाऱ्याने अट पाळलेली नाही.

ती कुठे सुटते, हे पाहायला मोजणी कशी होते ते पाहावं लागतं. ग्राहक पानावर काही करतो तेव्हा त्याचा ब्राउझर एक नोंद पाठवतो. गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ मध्ये या नोंदींची नावं ठरलेली आहेत : वस्तू पाहिली की `view_item`, कार्टमध्ये टाकली की `add_to_cart`, चेकआउट सुरू केलं की `begin_checkout` आणि खरेदी झाली की `purchase`. प्रत्येक नोंदीसोबत वेळ असते आणि त्या ब्राउझरला दिलेला एक ओळख क्रमांकही असतो. हा क्रमांक ब्राउझरमध्येच, कुकीत साठवलेला असतो.

आता अहवाल बनवणारा चार वेगळे प्रश्न विचारतो. सोमवारी `view_item` नोंद किती निरनिराळ्या क्रमांकांवर आहे? `add_to_cart` कितींवर आहे? मग `begin_checkout`, मग `purchase`. एकाच माणसाने चेकआउटचं पान पाच वेळा उघडलं तरी तो एकदाच धरला जातो, त्यामुळे दुबार मोजणीचा प्रश्न नाही. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना पहिल्याचं उत्तर कुणी उघडून पाहिलेलं नसतं आणि तिसऱ्याच्या वेळी दुसऱ्याचं. चार स्वतंत्र मोजण्या करायच्या, त्यांचे चार आकडे एकाखाली एक लिहायचे आणि बाजूला नरसाळ्याचं चित्र काढायचं. चित्रामुळे वाचणाऱ्याला वाटतं की हीच माणसं वरून खाली आली आहेत.

ती खरंच तीच आहेत का, हे तपासायला मोठी यंत्रणा लागत नाही. दोन याद्या काढायच्या : कार्टच्या १८० क्रमांकांची आणि चेकआउटच्या २३० क्रमांकांची. दोन्ही शेजारी ठेवून समान क्रमांक जुळवायचे. आपल्या दुकानात १४० क्रमांक दोन्ही याद्यांत सापडतात, असं समजू. म्हणजे चेकआउटच्या यादीतले ९० क्रमांक सोमवारच्या कार्टच्या यादीत नाहीतच.

हे ९० जण आले कुठून? त्यातल्या ६० जणांनी ‘आत्ताच खरेदी करा’ हे बटण दाबलंय. हे बटण ग्राहकाला कार्ट वगळून थेट चेकआउटला नेतं, त्यामुळे `add_to_cart` ही नोंद होतच नाही. आणखी २० जणांनी रविवारी रात्री पेटी कार्टमध्ये टाकून ठेवली, घरच्यांना विचारलं आणि सोमवारी पैसे भरायला बसले. त्यांचं कार्ट रविवारच्या खात्यात गेलं, चेकआउट सोमवारच्या. उरलेले १० त्याच दिवशी, त्याच दुकानात, दोन वेगळे क्रमांक घेऊन वावरले. इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातीला स्पर्श केला की दुकान त्या अ‍ॅपच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे पेटी निवडली आणि पैसे भरताना क्रोममध्ये किंवा लॅपटॉपवर गेलं, की कुकी वेगळी, क्रमांक वेगळा आणि मोजणीच्या लेखी माणूसही वेगळा.

जुळलेल्या १४० क्रमांकांतही एक बारकावा आहे. नोंदींच्या वेळा पाहिल्या तर त्यातल्या १० जणांनी आधी चेकआउट उघडलंय आणि मग कार्ट भरलंय. ‘आत्ताच खरेदी करा’ दाबून ते पुढे गेले, पोहोच खर्च पाहिला, एका पेटीसाठी एवढा खर्च करण्यापेक्षा दोन घेऊ म्हणून मागे फिरले आणि आणखी एक पेटी कार्टमध्ये टाकली. चेकआउटकडे मात्र ते पुन्हा वळले नाहीत. याद्या जुळतात, क्रम जुळत नाही. कार्टमधून चेकआउटकडे क्रमाने गेलेले उरतात १३०.

तेव्हा ‘कार्ट भरणाऱ्यांपैकी किती जण पुढे गेले’ या प्रश्नाचं उत्तर १८० पैकी १३०, म्हणजे ७२ टक्के. अहवाल सांगत होता १२८ टक्के. कार्टच्या यादीतले ४० क्रमांक चेकआउटच्या यादीत आलेच नाहीत, हे त्या अहवालातून कळायला वावच नव्हता. उलट तिथे गळतीच्या जागी ५० जणांची भर दिसत होती.

अशा वेळी कार्यालयांत एक पळवाट हमखास निघते. नडणारा टप्पाच अहवालातून काढून टाकायचा. कार्टची ओळ पुसली की उरतात १०००, २३० आणि ९०. नरसाळं सुबक दिसतं, बैठकीत कुणी प्रश्न विचारत नाही. चेकआउटमधून खरेदीपर्यंत ३९ टक्के गेले, असं म्हणून लोक पुढच्या विषयाकडे वळतात.

पण ते ३९ टक्के कुणाचे? आपल्या दुकानातल्या २३० जणांचे तीन गट करून पाहू. बटण दाबून थेट आलेले ७० (आधीचे ६० आणि मागे फिरलेले १०), त्यातल्या ४५ जणांनी खरेदी केली, म्हणजे ६४ टक्के. कार्टच्या वाटेने आलेले १३०, त्यातल्या ३५ जणांनी, म्हणजे जेमतेम २७ टक्के. कालचे आणि दुसऱ्या ब्राउझरवरून आलेले मिळून ३०, त्यातले १०. बेरीज ९० जुळते. थेट येणाऱ्यांचं बरं चाललंय आणि कार्टवाले पैसे भरायच्या पानावर मोठ्या संख्येने परत फिरतायत. कदाचित दोन-तीन पेट्यांचा पोहोच खर्च त्यांना तिथेच पहिल्यांदा दिसत असेल, कदाचित त्यांच्या पिनकोडवर आंबा पोहोचत नसेल. कारण काहीही असो, ते शोधायचं कुठे हे आता कळलं. ३९ टक्क्यांच्या सरासरीत दोन वेगळ्या वाटांनी आलेले लोक एकत्र कालवले गेले होते.

इथवर आलेल्या वाचकाला वाटेल की शंभराच्या वर टक्का दिसला की सावध व्हायचं. तेवढं पुरत नाही. समजा मंगळवारी कार्टचा आकडा पुन्हा १८० आहे आणि चेकआउटचा १५०. भागाकार ८३ टक्के. कुणाच्या भुवया उंचावत नाहीत, मालक खूश होतो. पण मोजणीची पद्धत तीच आहे. त्या १५० मध्ये बटण दाबून आलेले ६० आणि आदल्या दिवसाचे वगैरे १५ असतील, तर कार्टमधून पुढे गेलेले फक्त ७५. म्हणजे १८० पैकी ४२ टक्के. ८३ आणि ४२ यांत निम्म्याचा फरक आहे, पण तो अहवालावर कुठेच उमटत नाही. सोमवारचा १२८ टक्क्यांचा अहवाल निदान ओरडून सांगत होता की मोजणीत काहीतरी गफलत आहे. मंगळवारचा अहवाल तीच गफलत घेऊन सभ्यपणे बसलेला आहे.

म्हणून अहवाल वाचणाऱ्याने आकडा पटतो की नाही हे पाहण्याआधी मोजणी कशी झाली हे विचारायला हवं. गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ मधल्या फनेल एक्सप्लोरेशनमध्ये ही निवड एका बटणावर असते. साधारण स्थितीत हे फनेल बंद प्रकारचं असतं : पहिल्या टप्प्यावर न दिसलेला माणूस पुढे कुठेच धरला जात नाही. `Make open funnel` हे बटण सुरू केलं की माणूस मधल्या कुठल्याही टप्प्यावरून आत येऊ शकतो आणि मग पुढचा आकडा मागच्याहून मोठा दिसणं अगदी शक्य होतं. दोन टप्प्यांमध्ये इतर काही घडलेलं चालेल की लागोपाठच घडायला हवं, हेही तिथे ठरवता येतं आणि किती वेळात घडायला हवं हेसुद्धा.

बंद फनेलमध्ये शंभराच्या वरचा टक्का दिसत नाही. पण तेवढ्याने सगळे प्रश्न मिटत नाहीत. आपल्या दुकानात बंद फनेल लावलं तर चेकआउटचा आकडा फार तर १३० येईल. उरलेल्या १०० जणांनी पान उघडलं होतं आणि त्यातल्या ५५ जणांनी आंबे विकतही घेतले होते. तेही गायब होतील. मालकाने बँक खात्यातल्या ९० खरेद्या आणि फनेलच्या तळाचा ३५ हा आकडा शेजारी ठेवला, तर त्याला नवी शंका येणार. दोन्ही मोजण्या वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ‘आज चेकआउटला किती जण होते’ याचं उत्तर २३० आणि ‘कार्ट भरलेल्यांपैकी किती जण नंतर चेकआउटला गेले’ याचं १३०. पहिल्या आकड्यावरून सर्व्हर किती लागेल, फोनवर किती माणसं बसवायची हे ठरवता येतं. गळती मोजायला मात्र दुसराच लागतो.

शिवाय माणूस ओळखण्याची अडचण कुठलंही फनेल पूर्णपणे सोडवू शकत नाही. सफारी ब्राउझर २०१९ पासून जावास्क्रिप्टने ठेवलेल्या कुकीचं आयुष्य सात दिवसांवर आणतो. आयफोनवर आंबा पाहून दहा दिवसांनी परत आलेला ग्राहक त्यामुळे नवखा ठरू शकतो. काही दुकानं खरेदीची नोंद ब्राउझरमधून न पाठवता आपल्या सर्व्हरवरून पाठवतात, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधून ग्राहक परत आला नाही तरी विक्री निसटत नाही. पण त्या नोंदीसोबत ब्राउझरचा मूळ क्रमांक जोडायचा राहिला, तर प्रत्येक खरेदी एका अनोळखी माणसाच्या नावावर पडते. मग क्रमाने मोजणाऱ्या फनेलमध्ये खरेदी शून्याच्या जवळ जाते आणि स्वतंत्र मोजणीत मात्र सगळं ठीक दिसतं. ग्राहकाला मोबाइल क्रमांकाने लॉगिन करायला लावलं की ओळख बरीच पक्की होते, पण लॉगिनच्या आधीचं त्याचं फिरणं त्या ओळखीशी जोडावं लागतंच.

ही गफलत संगणकाच्या पडद्यापुरती नाही. लसीकरणाचे आकडे पाहणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ती फार आधीपासून ठाऊक आहे, फक्त तिथे तिचं नाव वेगळं आहे. बाळाला पेंटाव्हॅलंट लसीचे तीन डोस देतात : सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचं असताना. पहिला डोस घेतलेल्यांपैकी तिसऱ्यापर्यंत किती पोहोचले नाहीत, याला गळतीचा दर म्हणतात. सूत्र सोपं आहे. पहिल्या डोसांच्या संख्येतून तिसऱ्या डोसांची वजा करायची, पहिल्याने भागायचं आणि शंभराने गुणायचं.

एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राने डिसेंबरात पेंटा-१ चे ४० डोस दिले आणि पेंटा-३ चे ४६, असं धरू. सूत्रात घातलं की गळती येते उणे १५ टक्के. उणे गळती म्हणजे काय? पहिला डोस न घेतलेल्या मुलांना तिसरा दिला का? तसं नाही. महिन्याच्या अहवालात त्या महिन्यात दिलेले डोस मोजले जातात, मुलं नाहीत. डिसेंबरात तिसरा डोस घेणाऱ्या बाळाचा पहिला डोस वेळेवर झाला असेल तर तो आठ आठवड्यांपूर्वी, म्हणजे ऑक्टोबरात किंवा फार तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला झालेला असतो. डिसेंबरात पहिला डोस घेणारं बाळ ते नव्हे. ऑक्टोबरात पहिले डोस जास्त झाले असतील, किंवा मध्ये लस संपून नंतर राहिलेल्यांना एकदम दिली असेल, तर तिसरा आकडा पहिल्याच्या पुढे जातो.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांची कुटुंबं दिवाळीच्या आसपास पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम संपला की उन्हाळ्यात परततात. बाळाला पहिला डोस गावाकडच्या केंद्रात मिळाला आणि तिसरा कोल्हापूर किंवा सांगलीकडच्या एखाद्या फडाजवळ, तर गावच्या अहवालात गळती वाढते आणि कारखान्याच्या भागात ती उणे होते. दोन्हीकडच्या नर्सने आपलं काम चोख केलेलं असतं आणि बाळाचे तिन्ही डोस पूर्ण झालेले असतात.

इथेही आपल्या दुकानातल्या मंगळवारसारखाच धोका आहे. उणे १५ टक्के दिसले की तालुका पातळीवर कुणीतरी फोन करून विचारतं. पण बाहेरून आलेल्या मुलांचे तिसरे डोस गावातल्या गळालेल्या मुलांची संख्या झाकत असतील आणि दर ३ टक्के वगैरे येत असेल, तर अहवाल उत्तम समजून पुढे जातो. गावातली ती मुलं मात्र तिसऱ्या डोसाविना राहतात. म्हणून गावपातळीवर टक्क्यापेक्षा नावांची यादी कामाची. आशा आणि एएनएम यांच्याकडची ड्यू लिस्ट हेच करते : कुठल्या बाळाचा कुठला डोस कधी देय आहे आणि तो झाला का. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही घरी जाऊन १२ ते २३ महिन्यांच्या मुलाचं कार्ड पाहतात, कार्ड नसेल तर आईला विचारतात आणि त्याच मुलाचे पहिले-तिसरे डोस एकत्र नोंदवतात. तिथे एकच मूल दोन्ही टप्प्यांवर मोजलं जात असल्याने उणे गळती अशी निघतच नाही.

आंब्याच्या दुकानात याच ड्यू लिस्टचं काम ती १८० क्रमांकांची यादी करते. ती हाताशी असेल तर मालकाने बुधवारच्या बैठकीत अहवाल बनवणाऱ्याला तीन गोष्टी विचाराव्यात. तिसऱ्या ओळीतली माणसं दुसऱ्या ओळीतून निवडली आहेत की पुन्हा सगळ्यांतून? क्रम पाहिला आहे का? आणि सोमवारी कार्ट भरलेल्या माणसाला पुढे जायला किती दिवस दिले? तिसरा प्रश्न बहुतेक अहवालांत सुटलेला असतो. कार्ट सोमवारची आणि चेकआउट पुढच्या सात दिवसांतलं कधीचंही, असं धरलं तर रविवारचे २० जण रविवारच्या हिशेबात जातील आणि सोमवारच्या ४० पैकी काही जण गुरुवारी पैसे भरताना सापडतील. त्यासाठी सोमवारचा पक्का आकडा हाती यायला पुढचा सोमवार उजाडावा लागतो. मंगळवारी सकाळी जो मिळतो तो कच्चा, आणि त्या ओळीसमोर तसं लिहून ठेवलेलं बरं.